ठेवीचा दर, कर्जाचा दर आणि वाकलेली भांडवल बाजार रेषा

पगारदार नोकरांच्या कोणत्याही सहकारी पतसंस्थेच्या सूचनाफलकावर दोन दर लिहिलेले आढळतात. एक दर सभासदांच्या ठेवींचा व दुसरा त्यांना दिल्या जाणाऱ्या कर्जाचा. हे दोन दर कधीच सारखे नसतात. ठेवी व कर्जे यांचा हिशेब ठेवणारा नोकरवर्ग, बुडीत कर्जांची तरतूद, हाताशी ठेवावी लागणारी रोकड व संस्थेची शिल्लक हे सर्व या दोन दरांमधील अंतरातून भागत असते. बँकांच्या बाबतीतही हेच घडते. ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तथापि गुंतवणुकीच्या शास्त्रातील एक अतिशय देखणा सिद्धान्त या साध्या अंतरामुळे मोडतो आणि त्याच्या जागी दुसरा, काहीसा गुंतागुंतीचा परंतु व्यवहाराला अधिक जवळचा नियम येतो.

मूळ सिद्धान्त असा. गुंतवणुकीच्या प्रत्येक साधनाला दोन अंगे असतात : त्यापासून सरासरीने अपेक्षित असलेला परतावा आणि त्या परताव्यात वर्षागणिक होणारा चढउतार. हा चढउतार म्हणजेच जोखीम होय. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली दाखवून दिले की, निरनिराळी साधने योग्य प्रमाणात एकत्र केली तर तेवढ्याच परताव्यासाठी जोखीम कमी करता येते. आडव्या अक्षावर जोखीम व उभ्या अक्षावर परतावा मांडला तर अशा उत्तमोत्तम मिश्रणांचा एक वक्र तयार होतो. १९५८ साली जेम्स टोबिन यांनी त्यात बिनजोखमीच्या ठेवीची भर घातली. ठेवीच्या दराच्या बिंदूपासून या वक्राला स्पर्शिका काढली की ती ज्या बिंदूला शिवते, तेच मिश्रण सर्वांसाठी उत्तम ठरते. भित्र्या माणसाने त्यात थोडे पैसे घालून बाकीचे ठेवीत ठेवावेत. धीट माणसाने त्याच दराने कर्ज काढून तेच मिश्रण अधिक प्रमाणात घ्यावे. विल्यम शार्प यांनी १९६४ साली याच पायावर बाजारभावांचा सिद्धान्त उभा केला. या स्पर्शिकेला भांडवल बाजार रेषा असे नाव आहे.

या मांडणीचे सौंदर्य एका वाक्यात सांगता येते. कोणते मिश्रण घ्यावे हा प्रश्न माणसाच्या स्वभावाशी निगडित राहत नाही. स्वभाव केवळ किती घ्यावे एवढेच ठरवितो. मात्र यामागे एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे ज्या दराने ठेव ठेवता येते त्याच दराने कर्जही मिळते. पतसंस्थेचा सूचनाफलक वाचणाऱ्याला हे गृहीत किती टिकाऊ आहे हे सांगावयास नको.

दोन दरांचा हिशेब

एक उदाहरण तपशिलाने पाहू. ठेवीचा दर ७ टक्के व कर्जाचा दर १० टक्के धरला आहे. जोखमीची साधने दोनच आहेत. पहिले सोने, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेला निधी. त्याचा अपेक्षित परतावा ११ टक्के व चढउतार १२ टक्के. दुसरे शेअर, म्हणजे अनेक कंपन्यांच्या समभागांचा निधी. त्याचा अपेक्षित परतावा १६ टक्के व चढउतार २४ टक्के. चढउतार २४ टक्के याचा ढोबळ अर्थ असा की, साधारणतः तीनपैकी दोन वर्षे प्रत्यक्ष परतावा सरासरीच्या २४ टक्के खाली व २४ टक्के वर या पट्ट्यात राहील. सोन्याची तेजीमंदी व शेअरची तेजीमंदी यांचा परस्परांशी संबंध नाही असेही मानले आहे. हे सर्व आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेले आहेत. ते कोणत्याही वर्षाचे प्रत्यक्ष दर नव्हेत.

संबंध नसलेल्या साधनांच्या बाबतीत स्पर्शबिंदू शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक साधनाच्या परताव्यातून दर वजा करावा आणि उरलेल्या आकड्याला त्या साधनाच्या चढउताराच्या वर्गाने भागावे. येणाऱ्या आकड्यांच्या प्रमाणात पैशांची वाटणी करावी. येथे शेअरचा चढउतार सोन्याच्या दुप्पट आहे, म्हणजे त्याचा वर्ग चौपट आहे. म्हणून सोन्याच्या आधिक्याला एकाने व शेअरच्या आधिक्याला चाराने भागले तरी पुरते.

ठेवीचा दर ७ टक्के घेतला तर सोन्याचे आधिक्य ४ व शेअरचे ९ येते. भागाकारानंतर प्रमाण ४ ला सव्वादोन, म्हणजे शंभरात ६४ भाग सोने व ३६ भाग शेअर असे होते. या मिश्रणाचा अपेक्षित परतावा १२.८ टक्के व चढउतार ११.५६ टक्के येतो. सोयीसाठी याला ठेवीदाराचा संच म्हणू.

आता कर्जाचा दर १० टक्के घेऊन तीच कृती करावी. सोन्याचे आधिक्य केवळ १ उरते व शेअरचे ६. भागाकारानंतर प्रमाण १ ला दीड, म्हणजे ४० भाग सोने व ६० भाग शेअर. याचा परतावा १४ टक्के व चढउतार १५.१८ टक्के आहे. हा ऋणकोचा संच होय.

दर तीन टक्क्यांनी चढताच सोन्याच्या आधिक्याचा तीन चतुर्थांश भाग नाहीसा झाला, तर शेअरच्या आधिक्याचा एक तृतीयांश भागच गेला. महाग पैशाने संथ चालीची वस्तू घेणे परवडत नाही. व्याज भरून हाती काही उरावयाचे तर वेगवान वस्तूकडेच वळावे लागते. कर्ज काढणारा माणूस आधीच अधिक जोखीम पत्करीत असतो; त्यामुळे त्याने निदान मिश्रण तरी सावध ठेवावे असे कोणासही वाटेल. हिशेब नेमके उलट सांगतो.

तीन माणसे, तीन मिश्रणे

तीन व्यक्तींची कल्पना करावी. तिघांकडेही प्रत्येकी १० लाख रुपये आहेत. पहिली एक निवृत्त शिक्षिका. तिला चढउतार सोसत नाही. ती ५ लाख रुपये ठेवीत ठेवते. उरलेल्या ५ लाखांपैकी ३ लाख २० हजार सोन्यात व १ लाख ८० हजार शेअरमध्ये घालते. तिचा अपेक्षित परतावा ९.९ टक्के व चढउतार ५.७८ टक्के. तिने शेजाऱ्याचे पाहून ऋणकोचा संच घेतला असता तर तेवढ्याच परताव्यासाठी चढउतार ६.२९ टक्के झाला असता.

दुसरा तालुक्याच्या गावचा एक धाडसी दुकानदार. त्याला १६ टक्के परतावा हवा आहे. तो ५ लाख रुपये कर्ज काढतो व एकूण १५ लाखांपैकी ६ लाख सोन्यात व ९ लाख शेअरमध्ये गुंतवितो. १५ लाखांवर १४ टक्के दराने २ लाख १० हजार अपेक्षित. त्यातून व्याजाचे ५० हजार वजा जाता १ लाख ६० हजार, म्हणजे स्वतःच्या १० लाखांवर १६ टक्के. चढउतार मात्र दीडपट होऊन २२.७७ टक्के होतो. हेच १६ टक्के त्याला कर्ज न काढता सर्व १० लाख शेअरमध्ये घालूनही अपेक्षिता आले असते, परंतु तेव्हा चढउतार २४ टक्के असता. म्हणजे कर्जाने त्याचा लाभ झाला, पण तो किरकोळ आहे.

समजा, या दुकानदाराने जुना नियम जसाच्या तसा पाळला व शिक्षिकेचाच ६४ ला ३६ हा संच कर्जाने वाढविला. व्याज भरून त्यात कर्जाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे केवळ २ रुपये ८० पैसे उरतात. १६ टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी त्याला सुमारे ११ लाख ४३ हजार रुपयांचे कर्ज काढावे लागेल आणि चढउतार २४.७७ टक्के होईल. म्हणजे स्वतःच्या भांडवलाहून मोठे कर्ज डोक्यावर घेऊनही तो, सर्व पैसे शेअरमध्ये टाकून स्वस्थ बसणाऱ्या माणसापेक्षा अधिक जोखमीत राहील. एकाच दराच्या आकृतीवरून गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांकडून होणारी चूक ती हीच. कर्ज त्याला ७ टक्क्यांनी मिळाले असते तर तोच संच व तोच १६ टक्के परतावा अवघ्या १७.९४ टक्के चढउतारात साधला असता. पाठ्यपुस्तकातील आकृती जे आश्वासन देते ते हे.

तिसरा मधल्या स्वभावाचा एक अभियंता. त्याला साडेतेरा टक्के परतावा पुरेसा वाटतो. तो सोने व शेअर यांत निम्मे निम्मे पैसे घालतो, चढउतार १३.४२ टक्के येतो. त्याने ठेवीदाराचा संच घेऊन अडीच लाख कर्ज काढले असते तर साडेतेरा टक्क्यांसाठी १४.४५ टक्के चढउतार सोसावा लागला असता. ऋणकोचा संच घेऊन थोडे पैसे ठेवीत टाकले असते तर १४.०९ टक्के. दोन्ही मार्ग तोट्याचे. म्हणून तो ठेवही ठेवीत नाही व कर्जही काढीत नाही. त्याच्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढली तर ती उभ्या अक्षाला ९.३३ टक्क्यांवर भेटते. हा जणू त्याचा खाजगी व्याजदर होय. बँक ठेवीवर याहून कमी देते व कर्जावर याहून अधिक मागते. अशा बँकेशी त्याला काही देणेघेणे उरत नाही.

आकृतीचे तीन तुकडे

आता आकृती पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. ७ टक्क्यांच्या बिंदूपासून एक सरळ रेषा निघते व ठेवीदाराच्या संचापाशी संपते. ती पुढे काढता येत नाही, कारण पुढचा भाग ७ टक्क्यांनी कर्ज मिळेल असे मानतो. दुसरी सरळ रेषा ऋणकोच्या संचापासून सुरू होऊन उजवीकडे वर जाते. ती मागे ओढली तर १० टक्क्यांच्या बिंदूला मिळते. परंतु तो मागचा भागही खोटा, कारण १० टक्के व्याज देणारी ठेव नाही. या दोन संचांच्या दरम्यान मूळचा वक्रच वापरावा लागतो. अशा रीतीने एका रेषेऐवजी सरळ, वक्र व पुन्हा सरळ असे तीन तुकडे होतात.

पुष्कळ ठिकाणी ही रेषा मध्येच तुटल्यासारखी, कोपरा असलेली दाखविली जाते. तो कोपरा केव्हा येतो हे समजून घेण्यासारखे आहे. सर्वांनी एकच संच घ्यावयाचा असा हट्ट धरला, म्हणजे ठेवीदाराच्या संचावरच कर्ज चढविले, तर त्या बिंदूपाशी रेषेचा चढ एकदम निम्म्याहून खाली येतो. डावीकडे जोखमीच्या प्रत्येक टक्क्यामागे परतावा अर्ध्या टक्क्याने वाढत असतो. उजवीकडे तो पाव टक्क्यापेक्षाही कमी वाढतो. हा खरा कोपरा. मिश्रण बदलण्याची मुभा असेल तर कोपरा राहत नाही. दोन्ही सरळ रेषा वक्राला केवळ स्पर्श करीत असल्याने चढ अर्ध्या टक्क्यावरून सुमारे ०.२६ टक्क्यापर्यंत हळूहळू उतरतो. ठेवीदाराच्या संचाच्या उजवीकडे तुटलेल्या रेषेपेक्षा ही वाकलेली रेषा सर्वत्र वर असते, आणि या दोहोंमधील अंतर म्हणजेच मिश्रण बदलण्याचा फायदा.

टोबिन यांच्या सिद्धान्तातील स्वभाव व मिश्रण यांची फारकत येथे संपते. मिश्रण निवडण्यापूर्वी आपण धनको आहोत, ऋणको आहोत की दोन्ही नाही, हे आधी ठरवावे लागते.

यातून एक सोपी कसोटीही मिळते. या हिशेबात एकाच वेळी ठेवीदार व ऋणको असणारा माणूस कोठेच बसत नाही. ज्याची एक लाखाची ठेव ७ टक्क्यांनी आहे व एक लाखाचे कर्ज १० टक्क्यांनी आहे, तो वर्षाला ३ हजार रुपये देऊन काहीही विकत घेत नाही. ठेव मोडून कर्ज फेडले तर त्याची जोखीम तसूभरही वाढत नाही. आजारपण वा शाळेची फी यांसाठी हाताशी रोकड असावी, किंवा मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास दंड बसतो, अशी कारणे खरी असू शकतात. मग ते ३ हजार रुपये त्या सोयीची किंमत आहेत असे मानून ती परवडते काय, हे पाहावे लागते. घरात मुदत ठेव व शिवाय सोनेतारण कर्ज अशी जोडी आपल्याकडे अनेक कुटुंबांत दिसते, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला.

संपूर्ण बाजाराचे काय?

वरील तिघांचाच एक बाजार आहे असे मानले तर हिशेब गमतीदार जुळतो. शिक्षिकेची ५ लाखांची ठेव बँकेमार्फत दुकानदाराच्या ५ लाखांच्या कर्जात जाते. बँक ५० हजार रुपये व्याज घेते, ३५ हजार देते व १५ हजार स्वतःच्या खर्चासाठी ठेवते. तिघांचे मिळून १४ लाख २० हजार सोन्यात व १५ लाख ८० हजार शेअरमध्ये आहेत. बाजाराचा हा एकूण संच तिघांपैकी कोणाच्याच संचासारखा नाही. परंतु तो वक्रावर, दोन स्पर्शबिंदूंच्या दरम्यानच पडतो. त्याचा स्वतःचा दर काढला तर तो सुमारे ९.५५ टक्के येतो, म्हणजे ठेवीच्या दराहून बराच वर व कर्जाच्या दराहून थोडा खाली.

मायकेल ब्रेनन यांनी १९७१ साली दोन वेगळ्या दरांच्या बाजाराची मांडणी केली. फिशर ब्लॅक यांनी १९७२ साली कर्जावर निर्बंध असलेल्या बाजाराचा विचार केला. दोन्ही मांडण्यांत भावांचा पाया सरकारी बिनजोखमीचा दर नसून बाजाराच्या हालचालींशी संबंध नसलेल्या संचाचा परतावा हा असतो, आणि तो त्या दराहून अधिक असतो. त्याच वर्षी ब्लॅक यांनी मायकेल जेन्सन व मायरन शोल्स यांच्यासह न्यूयॉर्क शेअर बाजारातील समभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी हलणाऱ्या समभागांनी शार्प यांच्या नियमाने द्यावा त्याहून अधिक व फार हलणाऱ्यांनी कमी परतावा दिला होता. कर्ज महाग वा अशक्य असले म्हणजे अधिक परतावा हवा असणारे लोक वेगवान समभागांवर गर्दी करतात व त्यांचे भाव चढवून ठेवतात. या निष्कर्षाचे एक स्पष्टीकरण हे आहे.

हिशेबाच्या मर्यादा

दुकानदाराला वाईट वर्ष आले तर काय होते, हे आकृतीत दिसत नाही. परतावा सरासरीच्या एक चढउतार खाली गेला तर १५ लाखांवर सुमारे १८ हजारांची तूट येईल व त्यावर व्याजाचे ५० हजार. म्हणजे १० लाखांपैकी ६८ हजार गेले. दोन चढउतार खाली गेल्यास जवळजवळ २ लाख ९५ हजार. व्याज कोणत्याही वर्षी माफ होत नाही. शिवाय कर्ज त्याच शेअरांच्या तारणावर असेल तर भाव पडताच बँक अधिक तारण मागते, आणि ते देता न आल्यास नको त्या वेळी विक्री होते. वरील हिशेब एका सबंध वर्षाचा आहे; अधल्यामधल्या सक्तीच्या विक्रीला त्यात जागा नाही.

दुसरी मर्यादा दरांची. कर्जाचा दर सर्वांना एक नसतो. रक्कम वाढली की तोही चढतो. दर बदलला की ऋणकोचा संच जागा सोडतो. तो ८ टक्के असेल तर सोने व शेअर यांचे प्रमाण ६० ला ४० येते; शिक्षिकेच्या संचाच्या अगदी शेजारी, आणि मधला वक्र तुकडा नाममात्र उरतो. दर ११ टक्क्यांवर पोहोचला की सोन्याचे आधिक्य शून्य होते व ऋणकोच्या संचातून सोने पूर्णपणे बाहेर पडते. त्यापुढे कर्ज काढणाऱ्याने केवळ शेअर घ्यावेत असे हिशेब सांगतो, आणि रेषेचा चढ मंदावत जातो. १२ टक्के दराला तो जोखमीच्या टक्क्यामागे टक्क्याचा सहावा भाग एवढाच असतो. १६ टक्क्यांना रेषा आडवी होते, आणि शेअरच्या अपेक्षेएवढ्याच व्याजाने कर्ज काढण्याचे कारण या बाजारात कोणालाच उरत नाही.